तीनदा तीस की एकदा नव्वद? कॅफिन पाण्यातच राहतं तेव्हा

तक्रार दरवर्षी तीच. चहा पावडरीतून कॅफिन काढायचं प्रॅक्टिकल असतं. २० ग्रॅम पावडर, १०० मिली काढा आणि ९० मिली डायक्लोरोमिथेन घेतलेलं असतं. थर छान वेगळे झालेले दिसतात, तोटी गळत नाही, सॉल्व्हंटही बाटलीवर लिहिलंय तेच असतं. तरी सॉल्व्हंट उडवल्यावर बीकरच्या तळाशी अपेक्षेपेक्षा कमीच माल मिळतो. मग पावडर स्वस्तातली होती, सॉल्व्हंट जुनं होतं, वजनकाटा बिघडलाय, अशी कारणं निघतात. सोलापुरातल्या बीएस्सी आणि फार्मसीच्या प्रयोगशाळांतून हा प्रश्न इतक्या वेळा कानावर आलाय, की आता आधी एकच विचारतो: ते ९० मिली एकदम ओतलं होतं का?

उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं. त्यामागे आळस असतो असं नाही. फनेल कमी, मुलं जास्त आणि तासाला घंटा ठरलेली, अशी अवस्था असते. शिवाय वरवर पाहता ९० मिली ते ९० मिलीच, एकदा घातलं काय आणि तीन वाटण्यांत घातलं काय, असंच कुणालाही वाटेल. पण इथे फरक पडतो, आणि किती पडतो ते आकड्यांत काढता येतं.

आधी खात्री करा, माल खरंच पाण्यात आहे का

काढून टाकलेला पाण्याचा थर फेकू नका. निदानासाठी तोच लागतो. त्यात ताजं ३० मिली डायक्लोरोमिथेन घाला, दोन-तीन मिनिटं नीट हलवा, खालचा थर वेगळ्या, आधीच वजन करून ठेवलेल्या बीकरमध्ये काढा आणि सॉल्व्हंट फ्यूम हूडमध्ये उडवा. तळाशी पांढुरकं काही उरलं, तर कॅफिन पाण्यात अडकलं होतं हे सिद्ध झालं. काहीच उरलं नाही, तर फनेलला दोष देऊ नका, चूक त्याच्या आधी किंवा नंतर आहे.

‘आधी’ची एक जागा नेहमी नजरेतून सुटते, ती म्हणजे चहाचा चोथा. १५० मिली उकळतं पाणी घातलं आणि गाळून १०० मिली हाती आलं, तर उरलेलं ५० मिली चोथ्याने धरून ठेवलंय. त्यातही तेवढ्याच तीव्रतेचं कॅफिन आहे, म्हणजे एक तृतीयांश माल फनेलपर्यंत पोचलाच नाही. तेच पाणी दोन-तीन हप्त्यांत घालून दर वेळी चोथा दाबून पिळला, तर हे नुकसान बरंच कमी होतं. पुढे फनेलबद्दल जे सांगणार आहे, तोच हिशोब इथेही लागू आहे.

फनेलमध्ये नेमकं काय होतं

पाणी आणि डायक्लोरोमिथेन एकमेकांत जवळजवळ मिसळत नाहीत. कॅफिन मात्र दोन्हींत विरघळतं. फनेल हलवला की कॅफिनचे रेणू दोन्ही बाजूंनी ये-जा करतात, आणि थोड्या वेळाने जाणारे तितकेच येणारे अशी स्थिती येते. त्या वेळी दोन थरांतल्या तीव्रतेचं गुणोत्तर ठरावीक असतं. हाच वितरण गुणांक, म्हणजे सॉल्व्हंटमधली तीव्रता भागिले पाण्यातली तीव्रता. बर्थेलो आणि युंगफ्लाइश यांनी १८७२ मध्ये असं गुणोत्तर प्रयोगाने दाखवलं, आणि नेर्न्स्टने १८९१ मध्ये त्याला नियमाचं नीट रूप दिलं.

इथे एक शब्द घट्ट धरून ठेवायचा: तीव्रता. ठरलेलं आहे ते तीव्रतेचं गुणोत्तर. किती मिलिग्रॅम कुठे जाणार हे ठरलेलं नाही, ते आकारमानावर अवलंबून असतं. K म्हणजे वितरण गुणांक आणि q म्हणजे एका फेरीनंतर पाण्यात उरणारा हिस्सा धरला, तर:

```
q = Vw / (Vw + K × Vs)
n फेऱ्यांनंतर उरलेला हिस्सा = q^n
```

यात Vw हे पाण्याचं आकारमान आहे आणि Vs हे प्रत्येक फेरीतल्या सॉल्व्हंटचं.

आकडे सोपे राहावेत म्हणून K = ५ धरू आणि फनेलमध्ये ५०० मिलिग्रॅम कॅफिन १०० मिली पाण्यात आहे असं समजू.

एकदम ९० मिली घातलं, तर q = १०० / (१०० + ४५०), म्हणजे सुमारे ०.१८२. पाण्यात ९१ मिलिग्रॅम राहिलं, हाती ४०९ आलं.

आता तेच ९० मिली ३०-३० करून घालू. दर फेरीचा q = १०० / (१०० + १५०) = ०.४. पहिल्या फेरीत ३०० मिलिग्रॅम बाहेर येतं, पाण्यात २०० उरतं. त्या २०० चे साठ टक्के, म्हणजे १२०, दुसऱ्या फेरीत येतं आणि ८० उरतं. तिसरीत ४८ येतं, उरतं ३२. एकूण ४६८ मिलिग्रॅम. सॉल्व्हंटचा एक थेंबही जास्त लागला नाही, आणि पाण्यात राहणारा माल ९१ वरून ३२ वर आला.

हेच दुसऱ्या टोकाकडून बघा. एकाच फेरीत फक्त ३२ मिलिग्रॅम मागे ठेवायचं म्हटलं, तर किती सॉल्व्हंट लागेल? त्याच सूत्राने सुमारे २९२ मिली. तिप्पट सॉल्व्हंट आणायचं, तिप्पट उडवायचं, आणि मिळणार तेच.

असं का होतं

‘थोडं थोडं घातलं की K वाढतो,’ असं उत्तर तोंडी परीक्षेत सर्रास मिळतं. ते चूक आहे. K जिथल्या तिथे आहे. बदलते ती समोर येणाऱ्या सॉल्व्हंटची अवस्था. ९० मिली एकदम असतं तेव्हा त्या सगळ्या सॉल्व्हंटला एकाच पाण्याशी तोल साधायचा असतो. पाण्यात ९१ मिलिग्रॅम राहिलं की खालच्या सॉल्व्हंटची तीव्रता पाण्याच्या बरोबर पाचपट झालेली असते, आणि तिथे गाडी थांबते. मग फनेल तासभर हलवा, कॅफिन तसूभर सरकणार नाही. तीन वाटण्या केल्या की पहिली वाटणी तोल साधते आणि भरलेली बाहेर निघून जाते. दुसरी येते ती पूर्ण कोरी. तिच्यात कॅफिन शून्य असतं, म्हणून तोल साधण्यासाठी पाण्यातून पुन्हा माल सुटावाच लागतो. नवी सोलापुरी चादर एकाच मोठ्या टबात बुडवून ठेवण्यापेक्षा तेवढंच पाणी तीन बादल्यांत घेऊन, दर वेळी पिळून काढलं की सुटा रंग जास्त निघतो, त्यातलं गणितही हेच आहे.

आणखी एक फायदा पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. नवखा माणूस तोटी बंद करताना घाबरतो, आणि खालच्या थरातले चार-पाच मिली फनेलमध्येच सोडतो. एकाच फेरीत ५ मिली मागे राहिलं तर सुमारे २३ मिलिग्रॅम कॅफिन गेलं. तीन फेऱ्यांत मात्र पहिल्या फेरीत राहिलेले ५ मिली दुसऱ्या वाटणीत मिसळतात, तिथले तिसरीत. खरं नुकसान होतं ते फक्त शेवटच्या फेरीत, आणि तो थर एव्हाना इतका पातळ असतो की ५ मिलीत आठ-दहा मिलिग्रॅमच जातं. थरांच्या सीमेवर गढूळपणा असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांत तो बिनधास्त मागे ठेवावा, असं मी म्हणतो ते याच हिशोबाने.

मग दहा-दहा मिलीच्या नऊ फेऱ्या?

करून बघा, कागदावर. १५ मिलीच्या सहा फेऱ्यांनंतर पाण्यात साडेतीन टक्के राहतं. १० मिलीच्या नऊ फेऱ्यांनंतर २.६ टक्के. अगदी थेंब-थेंब, अनंत फेऱ्या केल्या तरी याच ९० मिलीत १.१ टक्क्याच्या खाली जाता येत नाही. एकावरून तीनवर गेलो तेव्हा १८.२ चं ६.४ टक्के झालं, तीनवरून नऊवर जाऊन जेमतेम चार टक्के सुधारतात. त्या बदल्यात सहा वेळा जास्त हलवायचं, थर बसायची वाट बघायची, आणि काचेला चिकटणारा सॉल्व्हंट सोसायचा. माझ्या मते प्रॅक्टिकलला तीन पुरेत, माल महाग असेल तर चार. चिंचोळी एमआयडीसीत काम करणारी आमची जुनी मुलं सांगतात की मोठ्या भांड्यात एकेका थराला बसायला लागणारा वेळच फेऱ्यांची संख्या ठरवतो. तिथे फेऱ्या वाढवण्यापेक्षा पाणी आणि सॉल्व्हंट उलट्या दिशांनी वाहवणं परवडतं. पण तो विषय वेगळा.

तुमच्या फनेलचा K तुम्हीच काढा

कॅफिनच्या K चे आकडे पुस्तकागणिक बदलतात. तापमान बदललं, पाण्यात मीठ किंवा सोडा असला, की आकडा बदलणारच. म्हणून एकदा स्वतः मोजून ठेवावा. यासाठी यूव्ही यंत्र लागत नाही, वजनकाटा पुरतो.

५०० मिलिग्रॅम शुद्ध कॅफिन १०० मिली पाण्यात विरघळवा. चहा घेऊ नका, त्यातून येणारा हिरवट मळ वजनात मिसळतो. ३० मिलीच्या तीन फेऱ्या करा, पण या वेळी थर एकत्र न करता तीन वेगवेगळ्या बीकरमध्ये ठेवा. प्रत्येकाला कोरडं सोडियम सल्फेट घालून गाळा, सल्फेट थोड्या ताज्या सॉल्व्हंटने धुऊन ते धुवण त्याच बीकरमध्ये घ्या, उडवा आणि वजन करा.

आता दुसऱ्या बीकरचं वजन भागिले पहिल्याचं. समजा ३०० आणि १२० आले. भागाकार ०.४, आणि हाच थेट q. कारण पहिल्या फेरीनंतर पाण्यात जो हिस्सा उरला, त्याच्याच प्रमाणात दुसऱ्या फेरीला माल मिळतो. q कळला की:

```
K = ((1 - q) / q) × (Vw / Vs)
```

०.६ / ०.४ म्हणजे १.५, गुणिले १०० / ३०, उत्तर ५. शिवाय पहिलं वजन (१ − q) ने भागलं की सुरुवातीला फनेलमध्ये किती होतं तेही निघतं: ३०० / ०.६ = ५००. हा आकडा तुम्ही घातलेल्या वजनाशी जुळला, तर हात बरोबर चाललाय.

तिसऱ्या बीकरचा उपयोग पडताळणीला होतो. तिसरं भागिले दुसरं हेसुद्धा ०.४ च्या आसपास यायला हवं. आलं नाही, तर ते आकडेच दोष कुठे आहे ते सांगतात. पहिला भागाकार मोठा आणि दुसरा लहान आला (समजा ०.७ आणि मग ०.३५), तर पहिल्या फेरीत तोल साधलाच नव्हता किंवा बराचसा खालचा थर आत राहिला होता, आणि तो माल दुसऱ्या बीकरला मिळाला. दोन्ही भागाकार सारखे, पण K संशयास्पद कमी आला, तर दर वेळी सारखंच कमी हलवलं जातंय. हलवण्याचा वेळ दुप्पट करून पुन्हा मोजा. K वाढला तर तेच कारण होतं.

भागाकार फेरीगणिक वाढत जात असेल, तर पदार्थाचाच स्वभाव तपासायला हवा. कॅफिनला हे लागू नाही, पण बेन्झोइक आम्लाचे रेणू बेन्झीनसारख्या सॉल्व्हंटमध्ये जोडीजोडीने राहतात. तीव्र द्रावणात जोड्या जास्त, म्हणून सॉल्व्हंट जास्त माल ओढतं. द्रावण पातळ होत गेलं की ती ओढ कमी होते. तिथे एकच K धरून केलेला हिशोब शेवटच्या फेऱ्यांबद्दल खोटी आशा दाखवतो.

सोलापूरचा उन्हाळा आणि फनेलचं बूच

डायक्लोरोमिथेन ४० अंशांच्या जरा खालीच उकळतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पंख्याखालच्या प्रयोगशाळेत पारा कुठे असतो ते सांगायला नको. त्यात काढा नीट गार न करता फनेलमध्ये ओतला, तर सॉल्व्हंट आतल्या आत उकळतं, दाब वाढतो आणि बूच उडतं. डायएथिल ईथरचं तर नावच काढू नका, ते ३४.६ अंशांवर उकळतं आणि शिवाय पेट घेतं.

दाबाची भीती बसली की मुलं हलवायचंच टाळतात, फनेल नुसता दोनदा उलटासुलटा करतात. म्हणजे तोल साधत नाही, आणि उन्हाळ्यातल्या परीक्षेत वजनं कमी येण्यामागे हे मोठं कारण असतं. दुसरं कारण खुद्द K चं आहे. पाण्यात कॅफिनची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्याने चढते: २५ अंशांना १०० मिलीत सुमारे २ ग्रॅम, ८० अंशांना १८ ग्रॅमच्या आसपास. कोमट काढ्याला कॅफिन सोडवत नाही, K खाली येतो.

म्हणून काढा बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांच्या खाली आणा, सॉल्व्हंटची बाटलीही गार ठेवा आणि शक्यतो सकाळची बॅच घ्या. पहिल्या दोन-तीन हेलकाव्यांनंतर लगेच फनेल उलटा धरून, नळीचं तोंड हूडच्या आत माणसांपासून दूर ठेवून, तोटी उघडून वाफ सोडा. ‘फुस्स’ आवाज येईनासा झाला की मग निर्धास्त हलवा.

निर्धास्त, पण चहाच्या बाबतीत दांडगाई नको. काढ्यात सोडियम कार्बोनेट घालतो ते टॅनिन क्षाररूपात पाण्यातच राहावं म्हणून. पण टॅनिनचे हे क्षार साबणासारखे वागतात. जोरात घुसळलं की मधोमध तपकिरी फेसाळ थर बसतो आणि तासभर हलत नाही. फनेल आडवा धरून दोन-तीन मिनिटं संथ, सतत डोलवावा. तरी फेस झालाच, तर चमचाभर मीठ घालून थांबा. मिठाने थरही सुटतात आणि पाण्यातली कॅफिनची जागा कमी होऊन K थोडा वाढतो.

डायक्लोरोमिथेन जड असल्याने खाली बसतं. तीन फेऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे: पाणी फनेलमध्येच राहतं, खालून काढा आणि वरून ताजं घाला. हलकं सॉल्व्हंट घेतलं, उदाहरणार्थ एथिल अॅसिटेट, की दर वेळी पाणी खाली काढून, वरचा थर ओतून, पाणी परत फनेलमध्ये भरावं लागतं. एकाच फेरीत उरकायचा मोह तिथे जास्त होतो. एथिल अॅसिटेटचा आणखी एक घोटाळा: १०० मिली पाणी त्यातलं आठ-नऊ मिली स्वतःतच विरघळवून घेतं. १० मिलीची पहिली वाटणी घातली तर वर थरच दिसत नाही, आणि सॉल्व्हंट कुठे गेलं म्हणून मुलं फनेल न्याहाळत बसतात. पहिली वाटणी मोठी ठेवा, किंवा पाणी आधी मिठाने भरून घ्या.

फेऱ्या वाढवून उपयोग नाही, तेव्हा

K अगदी लहान, समजा ०.०५ असेल, तर एकदा ९० मिलीने पाण्यात ९५.७ टक्के राहतं आणि तीनदा ३० मिलीने ९५.६ टक्के. फरक शून्य. असं झालं तर फेऱ्या मोजत बसू नका, पदार्थ पाण्याला का चिकटलाय ते शोधा. आम्ल असेल तर आधी सामू बघा. बेन्झोइक आम्लाचा pKa ४.२ आहे. द्रावणाचा सामू ६.२ असेल तर त्यातलं ९९ टक्के आयनरूपात असतं आणि सॉल्व्हंटकडे फिरकत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू २ वर आणा, मग K बघा. कॅफिन फारच दुबळं अल्कली असल्याने नेहमीच्या सामूत त्याला हा त्रास होत नाही.

उलट टोकाला K शंभर असेल, तर ९० मिलीच्या एकाच फेरीत जवळपास ९९ टक्के बाहेर येतं. तिथे तीनचा हट्ट धरणाऱ्या परीक्षकांना मी तरी साथ देणार नाही.

पाण्याचा थर वजनं जुळेपर्यंत झाकून, लेबल लावून ठेवा. त्यात थोडं डायक्लोरोमिथेन विरघळलेलं असतं, म्हणून नंतरही बेसिनमध्ये न ओतता क्लोरिनयुक्त टाकाऊच्या बाटलीत टाका.